किती परत आणि कुठे परत?

ऑनलाइन खरेदी करताना पैसे देण्याचे चार-पाच रस्ते एकदम खुले असतात. कुणीतरी वाढदिवसाला दिलेलं गिफ्ट कार्ड, वर्षभर साठलेले पॉइंट्स, मेसेजमधून आलेला कुपन कोड, आणि उरलेल्या रकमेसाठी यूपीआय. पैसे देताना हे सगळं एकमेकांत मिसळून जातं आणि ते सुखाचंही असतं. मात्र आलेली एखादी वस्तू परत पाठवली की ते मिश्रण पुन्हा वेगळं करावं लागतं. बाराशेची वस्तू परत केली, पण बँकेत सातशे ऐंशीच आले, अशा तक्रारी तिथून सुरू होतात. त्यातल्या काही रास्त असतात. बऱ्याच तक्रारींत मात्र पैसे पूर्ण परत आलेले असतात, फक्त ग्राहक एकाच खात्यात पाहत असतो.

हा हिशेब समजून घ्यायचा तर दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतात. पहिला, किती परत मिळणार? दुसरा, ते कुठे परत मिळणार? कुपनाचा संबंध पहिल्या प्रश्नाशी आहे, तर गिफ्ट कार्ड, पॉइंट्स आणि यूपीआय यांचा दुसऱ्याशी. दोन्ही प्रश्न एकत्र केले की गोंधळ होतो, आणि दुकानाच्या कस्टमर केअरवरचा माणूसही अनेकदा ते एकत्रच करून सांगतो.

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच वापरू. समजा, एका बाईंनी दिवाळीसाठी कपड्यांच्या एका संकेतस्थळावरून तीन वस्तू मागवल्या. साडी २,२५० रुपयांची, कुर्ता १,३५० रुपयांचा आणि चपला ९०० रुपयांच्या. बेरीज ४,५०० रुपये. ‘४,००० रुपयांच्या वरच्या खरेदीवर ५०० रुपये सूट’ असं कुपन त्यांनी लावलं. उरले ४,००० रुपये. त्यातले १,००० रुपये त्यांनी भावाने दिलेल्या गिफ्ट कार्डातून दिले. त्या दुकानाचे १,६०० पॉइंट्स साठले होते. एका पॉइंटची किंमत २५ पैसे, म्हणजे त्यांतून ४०० रुपये वळते झाले. राहिलेले २,६०० रुपये यूपीआयने गेले. पार्सल आलं, साडी आणि चपला आवडल्या, पण कुर्ता खांद्यात घट्ट झाला. कुर्ता परत गेला.

कुपनाची सूट कुणाच्या वाट्याची?

बाईंच्या मनात कुर्त्याची किंमत १,३५० रुपये असते, कारण संकेतस्थळावर तोच आकडा दिसत होता. दुकानाच्या हिशेबात मात्र तो कुर्ता १,२०० रुपयांना विकला गेलेला आहे. कुपनाची ५०० रुपयांची सूट तिन्ही वस्तूंवर त्यांच्या किमतीच्या प्रमाणात वाटली जाते. साडीच्या वाट्याला २५० रुपये, कुर्त्याच्या १५० आणि चपलांच्या १००. त्यामुळे साडी २,००० ला, कुर्ता १,२०० ला आणि चपला ८०० ला पडल्या. कुर्ता परत केल्यावर १,२०० रुपये परत मिळणं हा सरळ हिशेब आहे. वरचे दीडशे रुपये बाईंनी दिलेच नव्हते, त्यामुळे ते परत येण्याचा प्रश्न नाही.

ही वाटणी दुकानाच्या लहरीवर सोडलेली नसते. तिच्यामागे जीएसटीचं कारणही आहे. जीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे विक्रीच्या आधी किंवा विक्रीच्या वेळी दिलेली आणि बिलात दाखवलेली सूट वस्तूच्या करपात्र किमतीतून वजा होते. साडी, कुर्ता आणि चपला यांची बिलात वेगवेगळी ओळ असते आणि कर प्रत्येक ओळीवर लागतो, म्हणून सूटही ओळीओळीने वाटावी लागते. वस्तू परत आली की दुकान कलम ३४ खाली क्रेडिट नोट काढतं, म्हणजे तेवढी विक्री हिशेबातून मागे घेतं. ती नोट १,२०० ची निघते. म्हणून रिफंडबद्दल वाद घालण्याआधी संकेतस्थळावरच्या किमतीकडे न पाहता बिलातल्या त्या वस्तूच्या ओळीकडे पाहावं. सूट वजा जाता जो आकडा तिथे छापलेला असतो, तोच तुमचा.

सूट प्रमाणात वाटताना पैशांचे तुकडे पडतात. शंभर रुपयांची सूट सारख्या किमतीच्या तीन वस्तूंवर वाटली तर दोघींना ३३ रुपये ३३ पैसे आणि तिसरीला ३३ रुपये ३४ पैसे असं करावं लागतं. एका पैशाचा असा फरक दिसला तर तो चुकीचा नाही. सगळ्या वस्तू परत केल्यावर बेरीज बरोबर जुळली पाहिजे, एवढंच.

कुपनाची अट मोडली तर

खरी मेख पुढे आहे. कुपन ४,००० रुपयांच्या वरच्या खरेदीसाठी होतं. कुर्ता परत गेल्यावर बाईंकडे उरल्या साडी आणि चपला, त्यांची मूळ किंमत ३,१५० रुपये. म्हणजे अट मोडली. काही दुकानं इथे दुर्लक्ष करतात आणि १,२०० रुपये देतात. काही दुकानांच्या अटींत मात्र लिहिलेलं असतं की वस्तू परत केल्यावर खरेदी किमान रकमेखाली गेली तर कुपन रद्द समजलं जाईल. त्यांचा हिशेब असा चालतो: ठेवलेल्या वस्तूंची सूट नसलेली किंमत ३,१५० रुपये, बाईंनी दिले ४,००० रुपये, म्हणून परत ८५० रुपये.

दोन हिशेबांतला फरक ३५० रुपयांचा आहे. साडीला मिळालेले २५० आणि चपलांना मिळालेले १०० असे ते होतात. म्हणजे परत केलेल्या कुर्त्याबरोबर ठेवलेल्या वस्तूंवरची सूटही गेली. बाईंना वाटतं दुकानाने कुर्त्यात साडेतीनशे कापले. प्रत्यक्षात दुकानाने साडी आणि चपला महाग केलेल्या असतात.

हे चालतं का? अट आधी स्पष्ट दाखवलेली असेल तर दुकानाची बाजू समजण्यासारखी आहे. नाहीतर कुपन मिळवण्यासाठी लोक एखादी महागडी वस्तू टोपलीत टाकतील आणि सूट खिशात घालून ती परत पाठवतील. पण दोन वेळा ग्राहकाने हटून बसावं. पहिली वेळ, वस्तू दुकानानेच रद्द केली तेव्हा. साठा संपला म्हणून कुर्ता आलाच नाही, तर अट ग्राहकाने मोडलेली नाही, त्यामुळे साडीवरची सूट काढून घेण्याला काही आधार राहत नाही. दुसरी वेळ, वस्तू सदोष किंवा चुकीची निघाली तेव्हा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष वस्तू परत न घेणं आणि दिलेला मोबदला बिलात लिहिलेल्या मुदतीत, किंवा मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत परत न करणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. शिवण उसवलेला कुर्ता पाठवून वर साडीची सूट काढून घेणं या तरतुदीपुढे टिकवणं दुकानाला जड जाईल. म्हणून परतीचा अर्ज भरताना कारणाच्या रकान्यात घाईने ‘आवडलं नाही’ निवडू नये. वस्तू सदोष असेल तर तसंच लिहावं आणि फोटो जोडावा. अनेक ठिकाणी कुपनाचा हिशेब त्या एका निवडीवर फिरतो.

कुपन कोड स्वतः परत मिळतो का, हा आणखी एक प्रश्न. एकदाच वापरायचा कोड असेल तर एखाद-दुसरी वस्तू परत केल्यावर तो साधारणपणे परत येत नाही, कारण त्याचा उपयोग उरलेल्या वस्तूंसाठी झालेला असतो. पूर्ण ऑर्डर रद्द झाली तर काही दुकानं कोड पुन्हा चालू करतात, पण त्याची तारीख उलटली असेल तर मागूनच घ्यावा लागतो. बँकेच्या कार्डावर मिळणाऱ्या तत्काळ सवलतीचंही असंच. कार्डावर जेवढी रक्कम लागली तेवढीच परत येते. नंतर जमा झालेला कॅशबॅक असेल तर वस्तू परत गेल्यावर तो वळता केला जातो.

बाराशे रुपये तीन दारांनी

आता धरून चालू की दुकान भलं आहे आणि १,२०० रुपये मान्य झाले. ते जाणार कुठे? बाईंनी ४,००० रुपये तीन मार्गांनी दिले होते: गिफ्ट कार्डातून एक चतुर्थांश, पॉइंट्समधून एक दशांश आणि यूपीआयने बाकी पासष्ट टक्के. सर्वांत न्याय्य पद्धत म्हणजे परत येणारी रक्कमही त्याच प्रमाणात वाटणं. मग गिफ्ट कार्डात ३०० रुपये, पॉइंट्सच्या खात्यात १२० रुपयांचे ४८० पॉइंट्स आणि बँकेत ७८० रुपये. सुरुवातीला सांगितलेले सातशे ऐंशी ते हेच. बँकेचा मेसेज आला, आकडा कमी दिसला आणि तक्रार झाली. बाकीचे ४२० रुपये गिफ्ट कार्डात आणि पॉइंट्सच्या पानावर निमूट पडून होते.

सगळी दुकानं प्रमाणात वाटत नाहीत. काही जण क्रम लावतात. कुणी आधी गिफ्ट कार्ड भरून काढतं: १,००० रुपये कार्डात आणि वरचे २०० इतर मार्गांनी. कुणी आधी बँकेकडे पाठवतं: मग पूर्ण १,२०० यूपीआयने येतात आणि गिफ्ट कार्डाला हातच लागत नाही. तिन्ही पद्धतींत एक मर्यादा सारखी असते. ज्या मार्गाने जेवढे आले त्याहून जास्त त्या मार्गाने परत जाऊ शकत नाही. त्यामुळे तिन्ही वस्तू परत गेल्या तर पद्धत कोणतीही असो, शेवटी कार्डात १,०००, पॉइंट्स १,६०० आणि बँकेत २,६०० हेच चित्र उमटतं. फरक पडतो तो काहीच वस्तू परत केल्यावर. गिफ्ट कार्ड आधी भरणाऱ्या पद्धतीत दुकानाचा फायदा उघड आहे, कारण कार्डातला पैसा पुन्हा त्याच दुकानात खर्च होणार. म्हणून दुकानाची पद्धत कोणती, हे रिफंडच्या धोरणात वाचून ठेवण्यासारखं आहे.

रिझर्व्ह बँक काय म्हणते

गिफ्ट कार्डं दिसायला सारखी, पण नियमांच्या दृष्टीने दोन जातींची असतात. एखाद्या दुकानाने फक्त स्वतःकडे वापरण्यासाठी काढलेलं कार्ड बंदिस्त प्रकारात मोडतं. त्यासाठी रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही, आणि त्याच्या मुदतीचे व परतीचे नियम बरेचसे दुकानाच्या अटींवर असतात. बँकेने किंवा परवानाधारक कंपनीने काढलेलं आणि अनेक दुकानांत चालणारं कार्ड मात्र प्रीपेड साधनांसाठीच्या नियमांत येतं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये रिझर्व्ह बँकेने ते नियम एकत्र करून जाहीर केले. त्यांनुसार असं गिफ्ट कार्ड जास्तीत जास्त १०,००० रुपयांचं असू शकतं, त्यात पुन्हा पैसे भरता येत नाहीत आणि त्यातून रोख काढता येत नाही. पैसे बाहेर काढण्याची एक सोय आहे, पण ते जातात कार्ड ज्या खात्यातून भरलं गेलं त्या खात्यात, तेही कार्डधारकाच्या संमतीने. म्हणजे भावाने दिलेल्या कार्डातले पैसे बाईंच्या बँकेत येणार नाहीत, फार तर भावाच्या खात्यात परत जातील.

रिफंडबद्दल त्याच नियमांत स्पष्ट ओळ आहे. व्यवहार रद्द झाला किंवा परत फिरला तर प्रीपेड साधनातून जेवढे पैसे गेले तेवढे त्याच साधनात लगेच जमा व्हायला हवेत, मग त्यामुळे साधनाची ठरलेली मर्यादा ओलांडली गेली तरी चालेल. आणि दुसऱ्या एखाद्या मार्गाने दिलेले पैसे मात्र अशा साधनात टाकता येत नाहीत. ऑनलाइन दुकानांसाठी पैसे गोळा करणाऱ्या पेमेंट अॅग्रिगेटर कंपन्यांनाही मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत हेच बजावलं होतं: ज्या मार्गाने पैसे आले त्याच मार्गाने परत करा, ग्राहकाने दुसऱ्या मार्गाला खास संमती दिली असेल तरच वेगळं करा.

म्हणून ‘रिफंड लगेच हवा असेल तर आमच्या वॉलेटमध्ये घ्या’ असं बटण समोर आलं की थांबावं. ते बटण म्हणजे तीच खास संमती. वॉलेटमध्ये पैसे क्षणात येतात हे खरं, पण बँकेतले पैसे एकदा दुकानात बांधले गेले की ते त्या दुकानाच्या नियमांनी चालतात. चार दिवस थांबायची तयारी असेल तर मूळ मार्ग निवडावा.

अडचणी नेमक्या कुठे येतात

सगळ्यांत जास्त घोळ गिफ्ट कार्डाचाच होतो. प्लास्टिकचं कार्ड रिकामं झालं की आपण कचऱ्यात टाकतो. रिफंड मात्र त्याच कार्डाच्या नंबरवर जातो. कार्ड फेकलं असेल तर ऑर्डरच्या तपशिलात नंबराचे शेवटचे चार आकडे दिसतात, ते घेऊन कार्ड काढणाऱ्या कंपनीकडे नवं कार्ड मागावं लागतं. कार्ड आधी संकेतस्थळावरच्या आपल्या खात्यात भरून मग वापरलं असेल तर हा त्रास कमी होतो, कारण पैसे खात्याच्या शिलकीत येतात. दुसरी अडचण मुदतीची. रिझर्व्ह बँकेच्या नियमांत येणाऱ्या कार्डांना किमान एक वर्षाची मुदत द्यावी लागते आणि मुदत संपण्याआधीच्या ४५ दिवसांत ग्राहकाला सूचना द्यावी लागते. पण ऑर्डर मुदतीच्या टोकावर दिलेली असेल तर रिफंड येईपर्यंत कार्ड बाद झालेलं असू शकतं. अशा वेळी बऱ्याच कंपन्या नवा नंबर देतात, पण मागितल्यावरच.

पॉइंट्सची गोष्ट आणखी नाजूक. पॉइंट्स म्हणजे पैसे की सूट, हे प्रत्येक दुकान आपापल्या सोयीने ठरवतं. बिल पाहिलं की ते कळतं. पॉइंट्सचे ४०० रुपये बिलात सूट म्हणून दाखवले असतील, तर दुकानाच्या लेखी ते कुपनाच्या रांगेत बसतात आणि परत मिळतील की नाही हे त्यांच्या योजनेच्या अटींवर ठरतं. पैसे भरल्याच्या तपशिलात यूपीआयच्या शेजारी दाखवले असतील तर ते परत येणं अपेक्षित आहे. परत आलेल्या पॉइंट्सना जुनीच मुदत राहते की नवी मिळते, तेही पाहावं.

त्याशिवाय पॉइंट्सची एक दुसरी बाजू आहे. या खरेदीवर बाईंना नवे पॉइंट्सही मिळाले होते. कुर्त्यापुरते ते परत घेतले जाणार. दरम्यान बाईंनी ते खर्च केले असतील तर खात्यात उणे शिल्लक दिसते, किंवा तेवढी किंमत रिफंडमधून कापली जाते. पाचपन्नास रुपयांचा न समजणारा फरक बहुतेक वेळा इथून आलेला असतो.

उरला यूपीआयचा किंवा कार्डाचा भाग. दुकानाने रिफंड पाठवला म्हटलं आणि खात्यात दिसत नसेल, तर दुकानाकडे संदर्भ क्रमांक मागावा. यूपीआयसाठी तो बारा आकडी आरआरएन असतो, क्रेडिट किंवा डेबिट कार्डासाठी तेवीस आकडी एआरएन. हा क्रमांक दिला की बँक पैसे कुठे आहेत ते शोधू शकते. क्रमांक देता येत नसेल तर दुकानाने रिफंड अजून पाठवलेलाच नाही, असं खुशाल समजावं.

तक्रार आणि थोडी खबरदारी

हिशेब जुळत नसेल तर दुकानाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: बिलाच्या ओळीप्रमाणे या वस्तूची सुटीनंतरची किंमत किती, त्यातले किती कुठे पाठवले, आणि संदर्भ क्रमांक काय. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार अशा कंपन्यांना तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रार मिळाल्याचं कळवायचं असतं आणि महिनाभरात ती सोडवायची असते. तरीही उत्तर मिळालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोगाचा दरवाजा आहे, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी तिथे तक्रारीचं शुल्क लागत नाही. परवानाधारक कंपनीच्या गिफ्ट कार्डाचा प्रश्न असेल तर आधी त्या कंपनीकडे तक्रार करून ३० दिवस वाट पाहावी, मग रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

पण या सगळ्याची वेळ येऊ नये म्हणून खरेदीच्या वेळीच थोडा विचार केला तर बरं. माप, रंग किंवा पोत यांची खात्री नसलेली वस्तू वेगळ्या ऑर्डरमध्ये मागवावी आणि तिचे पैसे सरळ यूपीआयने किंवा कार्डाने द्यावेत. ती परत गेली तर एकाच खात्यात पाहावं लागतं आणि दुसऱ्या वस्तूंवरची सूट धोक्यात येत नाही. गिफ्ट कार्ड आणि मुदत संपत आलेले पॉइंट्स नक्की ठेवणार अशा वस्तूंसाठी राखून ठेवावेत. किमान रकमेचं कुपन लावताना रक्कम काठावर ठेवू नये. एक वस्तू परत गेली तरी अट पुरी होईल एवढी खरेदी खरोखर करायची असेल तरच ते लावावं. आणि परतीची मुदत संपून शेवटचा रिफंड जमा होईपर्यंत रिकामं गिफ्ट कार्ड कचऱ्यात टाकू नये.